अपठित कवितेत मूड कुठं बदलला ते कसं ओळखायचं

> शब्द सगळे कळतात पण अर्थ काय लिहावा तेच सुचत नाही, अन् मूड बदलला हे कुठून ओळखायचं?

भाऊ, मी आमच्या पोट्ट्यांसाठी चार ओळी जुळवल्या होत्या, त्याच घ्या:

बोंडं फुटली, शिवारात चांदणं सांडलं
मायनं ते ओटीत भरलं
पण काट्यावर चढलं तेव्हा
चांदणं हलकं भरलं

आधी काय दिसतं ते बघा. भरदिवसा चांदणं कुठून येईल, तो फुटलेला कापूस आहे, हे रूपक ('चांदण्यासारखा' म्हटलं असतं तर उपमा). वेचताना ओटी बांधतातच, पण ओटी भरणं शुभही असतं, म्हणून इथवर मूड खुशीचा. मग 'पण' येतो, तिथं पेन्सिलनं रेघ मारा. शिवार संपलं, काटा आला, वजनाचा बी अन् टोचणारा बी. 'भरलं' दोनदा आलंय, एकदा ओटी भरली अन् एकदा वजनच कमी भरलं, माझ्या मते कवितेचा सगळा जीव त्यातच आहे.

पोट्टे चुकतात ते इथं, कापूस दिसला की थेट कर्ज अन् आत्महत्येवर निबंध सुरू. अरे बाप्पा, कवितेत कर्ज कुठाय? जे लिहाल त्याला ओळीतला एक तरी शब्द दाखवता आला पाहिजे, नाही आला तर ते वाक्य खोडा.