चर्चा: फॅमिली प्लॅनला घरचा पत्ता काहून पाहिजे?

दारव्हेकर: स्पॉटिफाय या गाण्याच्या ॲपचा फॅमिली प्लॅन घेतला. पैसे एकजणच भरते, तरी प्रत्येक मेंबरले घरचा पत्ता टाकाले लावते. गावात ना घर नंबर, ना गल्लीचं नाव. पोरगी अमरावतीले होस्टेलवर. पत्ता काहून पाहिजे, आन् जुळला नाही तं काय होते?

कपाशीकाठ: कारण सरळ आहे, सवलत घरासाठी आहे, मित्रमंडळासाठी नाही. स्पॉटिफायने 2016 मध्ये अमेरिकेत फॅमिलीचा दर महिन्याला 14.99 डॉलर केला, त्यात सहा खाती. तेव्हा एकट्याचा प्लॅन 9.99 डॉलरचा होता. म्हणजे सहा अनोळखी लोकांनी मिळून घेतला तर माणशी अडीच डॉलर. ती पळवाट बुजवायला पत्त्याची अट आहे. स्पॉटिफायच्या डुओ प्लॅनलाही तीच अट, फक्त माणसं दोन. मला यात गैर काही वाटत नाही.

बेंबळापार: पत्त्याचं नुसतं नाव हो. खरं तं हे लोकेशनवरून पकडतात. मोबाईलचा नेट कुठून येते ते पाहतात, पोरगी अमरावतीत दिसली की काढली बाहेर. आमच्या खासगी गोष्टीत नाक खुपसण्याचा धंदा आहे हा.

कपाशीकाठ: अर्धं बरोबर. 2018 मध्ये स्पॉटिफायने काही देशांत मेंबरांकडे जीपीएस मागून पाहिलं, ओरड झाली आणि ते थांबवलं. 2019 मध्ये मात्र, अधूनमधून लोकेशन तपासू, असं अटींमध्ये लिहिलं. म्हणून शंका घेणं चुकीचं नाही. पण नेटवरून गाव कळत नाही. आपल्या मोबाईल नेटचा आयपी पाहिला तर गावातल्या घरीही कधी नागपूर दिसते, कधी मुंबई. आपल्याकडे लोक अडतात ते पत्त्याच्या मजकुरात.

होते असं. मॅनेजर, म्हणजे प्लॅनचे पैसे भरणारा, पत्ता टाकताना गुगल मॅप्सच्या सुचवणीतली एक ओळ निवडतो, समजा `Darwha, Maharashtra`. मेंबर हातानं `Ward 3, Near Hanuman Mandir, Darwah` लिहितो. घर एकच, पण मशीनला दोन ठिकाणं वाटतात. गावाचं स्पेलिंग एका अक्षरानं बदललं तरी घोळ होतो.

उपाय सोपा आहे. मॅनेजरनं ब्राउझरमध्ये खात्याचं पान उघडून तिथे नोंदलेला पत्ता जसाच्या तसा कॉपी करावा आणि मेंबरला व्हॉट्सॲपवर पाठवावा. मेंबरनं आधी स्वतःच्या खात्यात लॉगिन करावं, मग आमंत्रणाची लिंक उघडावी, तोच पत्ता टाकावा आणि यादीतली तीच ओळ निवडावी. वॉर्ड, 'जवळ', मजला, सगळं वगळा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरचा घर नंबर टाकू नका, मॅप्सला तो माहीतच नसतो. लिंक सात दिवसांत संपते, म्हणून लगेच करा.

पूसद_वाली: आमच्या टीव्हीवर 'हे तुमच्या घरातलं नाही' असं येते आणि कोड मागते. तिथंही हाच पत्ता टाकायचा का?

कपाशीकाठ: नाही ताई, ते सिनेमाचं ॲप असावं, त्याची तऱ्हा वेगळी. नेटफ्लिक्स घर ओळखतं ते टीव्हीच्या इंटरनेट जोडणीवरून आणि उपकरणांवरून, लिहिलेल्या पत्त्यावरून नाही.

बेंबळापार: बरं, जुळलाच नाही तं? खातं उडते म्हणे.

कपाशीकाठ: खातं उडत नाही. जुळला नाही तर मेंबर आत येतच नाही. आत असलेल्याला पुन्हा पडताळणी मागितली आणि ती झाली नाही तर तो फुकटच्या प्लॅनवर जातो. प्लेलिस्ट राहतात, जाहिराती सुरू होतात आणि डाउनलोड केलेली गाणी ऑफलाइन वाजत नाहीत. वावरात रेंज नसते तिथं हेच जास्त नडते. आणि चिडून लगेच दुसऱ्याच्या फॅमिलीत शिरायला जाऊ नका, बारा महिन्यांत एकदाच फॅमिली प्लॅन बदलता येतो. यूट्यूबचा फॅमिली प्लॅन तर दर 30 दिवसांनी आपोआप घर तपासतो. मेंबर त्यात बसला नाही तर तो ग्रुपमध्ये दिसत राहतो, पण प्रीमियम थांबतं.

दारव्हेकर: मंग होस्टेलवाल्या पोरीचं काय? दिवाळी-उन्हाळ्यातच घरी येते, पण रेशन कार्डावर नाव घरचंच आहे.

बेंबळापार: हेच म्हणतो मी! अर्ध्या विदर्भाची लेकरं शिकाले बाहेर असतात. घर म्हणजे काय ते कंपनी ठरवणार काय?

कपाशीकाठ: अट राहत्या पत्त्याची आहे, रेशन कार्डाची नाही. काटेकोर वाचली तर वर्षातले दहा महिने होस्टेलला राहणारी पोरगी त्यात बसत नाही. घरचा पत्ता टाकून ती आत येईल, पण उद्या लोकेशन मागितलं तर अडचण येऊ शकते. एकटीचा विद्यार्थी प्लॅन घेता आला तर तिच्यासाठी तो बरा.

बेंबळापार: म्हणजे पैसे पुन्हा आपल्याच खिशातून. मले नाही पटत.