मदत हवी आहे: दोन स्पर गिअरमधलं सेंटर डिस्टन्स जुळत नाहीये

बोअरवाला:
जुन्या विलायती लेथच्या फीड गिअरबॉक्सची बिडाची साईड प्लेट तुटली. नवीन प्लेट करतोय, त्यात दोन बेअरिंगची बोअर मारायची आहेत. पिनियनला १८ दाते, मोठ्या गिअरला ५४. ज्यांच्याकडे गिअर दाखवले ते म्हणाले, अडीच मोड्यूल. म्हणजे दात्यांची बेरीज ७२, गुणिले २.५, भागिले २, असं ९० मिमी येतं. पण तुटलेले तुकडे जोडून मोजलं तर ९१ च्या थोडं वरच येतंय. ओडी पिनियनची ५०.७, गिअरची १४२.१. कोणतं धरू?

पाटील_फॅब:
एवढं काय त्यात. दोन्ही ओडींची बेरीज करा, निम्मी करा, त्यातून दात्याची खोली वजा करा. आम्ही कायम असंच करतो.

जुना_टूलरूम:
पाटीलभाऊ, रीत बरोबर आहे, पण किती वजा करायचं तिथे घोळ होतो. दाता कापतात सव्वादोन मोड्यूल खोल, आणि एकमेकांत शिरतात फक्त दोन मोड्यूल. उरलेला पाव मोड्यूल टोक तळाला लागू नये म्हणून सोडलेला असतो. पूर्ण खोली वजा केलीत तर तो पाव मोड्यूल जातो आणि गिअर घट्ट बसतात. हाताने फिरवलं तरी कळतं.

आता बोअरवाले, तुमच्या ओडीकडे बघा. ओडी म्हणजे दाते अधिक दोन, गुणिले मोड्यूल. अडीच असता तर ५० आणि १४० आली असती. झिजून ओडी कमी होते, वाढत नाही. १४२.१ ला ५६ ने भागा, २.५४ च्या जवळ येतं. पिनियनही तेच सांगतो, पण मोठ्या गिअरवर विश्वास ठेवा, तिथे मोजण्यातली चूक जास्त दात्यांत वाटली जाते. २५.४ भागिले १० म्हणजे २.५४. हा मोड्यूलचा गिअर नाहीच, १० डीपीचा आहे. इंचात ७२ भागिले २० केलं की ३.६ इंच, म्हणजे ९१.४४ मिमी. डिझाईन करणाऱ्याने असा सुटसुटीत आकडा धरलेला असणार.

चरक_आणि_चेन:
काका, माझ्या मशीनचे दाते तिरके आहेत, २ मोड्यूल, २० आणि ४०. ६० यायला हवं, मोजलं तर ६२ आहे. माझेही डीपीच का?

जुना_टूलरूम:
नाही हो, तुमचे हेलिकल. त्यात हेच उत्तर तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाईनने भागायचं. १५ अंश असेल तर ६२.१२ येईल. पण कोन नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

उद्यमनगरचा_पोरगा:
बोअरवाले, प्रोफाईल शिफ्ट केलेला असला तरी ओडी वाढते. काकांनी ते धरलं नाही.

जुना_टूलरूम:
शंका रास्त आहे. पण शिफ्टमुळे दोन्ही गिअरची ओडी वाढली असती, तर ती साधारण सारख्याच मिमीने वाढायला हवी असं नाही, पण दात्यांच्या प्रमाणातही वाढली नसती. इथे दोन्ही सुमारे दीड टक्क्याने मोठे आहेत. तरीही खात्री करायची तर व्हर्नियरने मोठ्या गिअरचे ५ दाते पकडून मोजा, मग ६. फरक ७.३८ आला तर अडीच मोड्यूल, ७.५० आला तर १० डीपी २० अंश, ७.७३ आला तर १० डीपी साडेचौदा अंश. शिफ्ट असली तरी हा फरक बदलत नाही.

बोअरवाला:
मोजलं. तीन ठिकाणी ७.७१ ते ७.७३.

जुना_टूलरूम:
मग साडेचौदा. सेंटर डिस्टन्सला त्याने फरक पडत नाही, ९१.४४ च राहील. बोअर मारताना टॉलरन्स फक्त प्लसमध्ये ठेवा, ०.०५ पर्यंत. त्याने बॅकलॅश जेमतेम दोन-तीन शतांश मिमी वाढेल. मायनसमध्ये गेलात तर गिअर गरम होतील.

पाटील_फॅब:
अहो, पण अडीच मोड्यूलची नवी जोडी त्याच ९१.४४ वर टाकली तर? आमच्याकडे एक असंच चालतंय.

जुना_टूलरूम:
चालतं म्हणजे फिरतं. सेंटर दीड मिमी लांब पडलं की बॅकलॅश मिलीमीटरभर होतो, आणि एक दाता सुटायच्या आत पुढचा पकडण्याचा ओव्हरलॅप काठावर येतो. फीड उलटी केली की ठोका बसेल. आणि एकच पिनियन अडीचचा करून जुन्या गिअरला लावू नका, दोघांचे दाते जुळणार नाहीत.

बोअरवाला:
पिनियन खरंच झिजलाय, तो नवा करायचाच आहे. आमच्या भागात हॉबिंगवाल्यांकडे १० डीपी साडेचौदाचा हॉब नाही. कटरने मिलिंगवर कापला तर १८ दात्यांसाठी कोणत्या नंबरचा कटर घेऊ?

उद्यमनगरचा_पोरगा:
६ नंबर, १७ ते २० दात्यांसाठी असतो. पण कटरवरचा अंश वाचून घ्या, साडेचौदाचेच सगळीकडे मिळतात असं नाही. पुण्यात कुणाकडे असेल तर इथे सांगा.