मदत हवी आहे: यूबीएक्सच्या बाटलीत चार पंखांची एकही माशी का दिसत नाही?

मलप्रभा_काठ (खानापूर)
नमस्कार मंडळी. मी बेळगावात एमएस्सीला आहे. प्रकल्पासाठी फळमाश्यांची एक बाटली मिळाली, चिकटपट्टीवर फक्त 'यूबीएक्स' लिहिलंय. रवा, गूळ आणि अगारच्या खाऊवर दोन पिढ्या वाढवल्या. वर्गात शिकवलं होतं की यूबीएक्स हा जीन बिघडला की वक्षाचा तिसरा खंड दुसऱ्यासारखा होतो आणि माशीला चार पंख येतात. काल इथर देऊन साठ माश्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. सगळ्यांना दोनच पंख! फक्त पंखामागचा तोल सांभाळणारा हॉल्टिअर, एरवी टाचणीच्या डोक्यासारखा गोल असतो तो, जरा फुगीर आणि लांबट वाटला. माझ्या हातून स्टॉक बिघडला का? सोमवारी दाखवायचं आहे.

निपाणीकर
बिघडलेला नाही, थोडा धीर धर. यूबीएक्सचं काम तिसऱ्या खंडात पंख होऊ न देण्याचं. आत्ता तुझ्या माश्यांत एकच प्रत बिघडलेली आहे. आपसात वाढू दे, पुढच्या पिढ्यांत दोन्ही प्रती बिघडलेल्या निघतील आणि चार पंख दिसतील.

जास्वंद_अंगण
आमच्या परसात एकेरी जास्वंदीशेजारी डबल जास्वंद आहे, मधल्या पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच पाकळ्या. हाच प्रकार म्हणायचा का? यूबीएक्ससारखे, कुठल्या खंडात कोणता अवयव हे ठरवणारे हॉक्स जीन झाडातही असतात?

जुना_माशीवाला
निपाणीकर, पहिलं वाक्य अगदी बरोबर, पण शेवटचं होणार नाही. यूबीएक्सच्या दोन्ही प्रती पूर्ण निकामी झाल्या तर पिल्लू अळी अवस्थेपलीकडे जात नाही. हा जीन फक्त हॉल्टिअरसाठी नाही, पोटाचा पहिला खंड आणि आतडंसुद्धा त्याच्यावर अवलंबून. त्यामुळे कितीही पिढ्या वाढवल्या तरी बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीच्या जोडीनेच जगणार. फुगलेला हॉल्टिअर ही त्या अर्ध्या मात्रेचीच खूण. मलप्रभा, तू ती बरोबर पकडलीस.

मग पुस्तकातली ती चार पंखांची माशी कुठून आली? अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी याच जीनचे वेगळे बदल एकत्र आणले: एबीएक्स, बीएक्स-३ आणि पीबीएक्स. त्यांत प्रथिन शाबूत आहे, बिघडलंय ते जीन चालू-बंद करणारं बटण. पहिल्या दोन्हींनी खंडाच्या पुढच्या भागातलं यूबीएक्स बंद पडतं, पीबीएक्सने मागच्या भागातलं. बाकी शरीरात जीन चालू राहतो म्हणून माशी जगते. नुसता बीएक्स असला तर हॉल्टिअरचा पुढचा अर्धाच पंख होतो. मी ते पाहिलंय, अर्धा बोंडासारखा, अर्धा पापुद्र्यासारखा.

जास्वंदीचं उत्तर: एका अवयवाच्या जागी दुसरा, हे साम्य खरं आहे. पण फुलात ते काम मॅड्स-बॉक्स नावाच्या दुसऱ्याच जीन-कुळाकडे असतं.

निपाणीकर
चूक मान्य. पण मग चार पंखांची माशी म्हणजे पूर्वजांकडे परत जाणं ना? जुन्या कीटकांना चार पंख होतेच की.

जुना_माशीवाला
तसं म्हणवत नाही. फुलपाखराच्या मागच्या पंखात यूबीएक्स चालूच असतो, तरी तिथे पंखच होतो. यूबीएक्स फक्त 'हा तिसरा खंड' एवढं सांगतो, मग त्या खंडाचं काय करायचं ते पुढचे जीन ठरवतात. शिवाय लुईस यांच्या माशीला मागचा पंख मिळत नाही, पुढच्याच पंखाची दुसरी जोडी मिळते. ती उडूही शकत नाही. नव्या खंडात उडण्याचे स्नायू नीट तयार होत नाहीत आणि तोल सांभाळणारे हॉल्टिअरही गेलेले.

मलप्रभा, आता माश्यांच्या पाठीवरचे केस बघ. आखूड, जाड, खुंटासारखे असतील तर बाटलीत `Ubx/TM3, Sb` असणार, म्हणजे एका गुणसूत्रावर यूबीएक्सचा बदल आणि जोडीच्या `TM3` गुणसूत्रावर आखूड केसांची `Sb` ही खूण. केस लांब, सरळ असतील तर दुसरी शक्यता आहे. `TM2` नावाच्या बॅलन्सर गुणसूत्रावरच, म्हणजे एखादा बदल पिढ्यानुपिढ्या टिकवायला जोडीला ठेवतात त्या गुणसूत्रावरच, ओळखीसाठी यूबीएक्सचा बदल बसवलेला असतो.

मलप्रभा_काठ
आत्ताच वीस माश्या पाहिल्या. हॉल्टिअर सगळ्यांचे फुगीर. केस मात्र लांबच!

जुना_माशीवाला
मग `TM2`कडे माझा कल आहे, आणि तसं असेल तर स्टॉक खरं तर दुसऱ्याच कुठल्या तरी बदलासाठी ठेवला असेल. कुठल्या, ते केस बघून कळणार नाही. बाटली देणाऱ्यांकडे स्टॉकची वही असेल तर त्यातलं पूर्ण नाव मागून घे. तोवर साध्या माशीच्या कुमारी माद्यांशी नर जोड. पिल्लांत निम्मी फुगीर, निम्मी साधी निघाली तर एकाच गुणसूत्रावर खूण आहे हे पक्कं होईल.

मलप्रभा_काठ
आज संध्याकाळी जोडते. २५ अंशांवर दहा दिवस लागतील, सोमवारला काही दाखवता येणार नाही, फुगीर हॉल्टिअरचाच फोटो घेऊन जाते. वहीचं विचारलं तर 'शोधून सांगतो' म्हणाले.