दर दीड टक्का वाढला, हप्ता तोच, मुदत मात्र 352 महिने! हिशेब कोणी तपासून देईल का?

उंबरठा
घरकर्जाचा दर बदलता आहे. 7 टक्के होता, आता 8.5 झालाय. बँकेचं पत्र आलं, त्यात ठळक अक्षरात "आपल्या हप्त्यात कोणताही बदल नाही". मी खूश. खाली बारीक अक्षरात उरलेली मुदत 352 महिने लिहिली होती, ती दोन दिवसांनी नजरेस पडली. आधी बरोबर 240 उरले होते.
माझ्या जुन्या तक्त्याप्रमाणे मुद्दल बाकी 30,00,000 आणि हप्ता 23,259. हे आकडे मी नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये घातले तर 347 महिने आले. म्हणजे बँकेचं 352 चूक की माझं 347? आणि मुळात दीड टक्क्याला नऊ-नऊ वर्षं वाढतात का हो? हप्ता वाढवून घ्यावा की राहू द्यावं, तेही सांगा.

सरळमार्गी
दोन्ही चूक. 7 चे 8.5 म्हणजे व्याज साधारण 21 टक्क्यांनी वाढलं. मुदतही तेवढीच वाढणार, 240 चे 291 महिने. यापुढचे सगळे महिने बँकेने घुसडलेत. लेखी तक्रार करा.

आकडेमोडे
सरळमार्गी, व्याजाचं वाक्य बरोबर आहे, मुदतीचं नाही. व्याज खरंच 21 टक्क्यांनी वाढलं, पण कर्ज व्याजाने फिटत नाही. हप्त्यातून व्याज गेल्यावर जे उरतं त्याने फिटतं.
उंबरठा यांचा एकच महिना बघा. 30 लाखांवर 7 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 17,500. हप्ता 23,259, म्हणजे मुद्दलात 5,759 जात होते. आता 8.5 टक्क्यांनी व्याज 21,250. हप्ता तोच, त्यामुळे मुद्दलात जाणार फक्त 2,009. व्याज पाचव्या हिश्शाने वाढलं, पण मुद्दलफेड जवळजवळ एक तृतीयांशावर आली. मुदत ताणली जाते ती इथे. शीटमध्ये स्वतः बघायचं असेल तर:

```
=NPER(8.5%/12, -23259, 3000000)
=PMT(8.5%/12, 240, -3000000)
```

पहिल्याचं उत्तर 346.97, म्हणजे 347 महिने. तुमचा कॅल्क्युलेटर बरोबर होता. दुसरं म्हणजे मुदत 240 च ठेवायची असेल तर लागणारा हप्ता, 26,035. यात 30 लाखांच्या जागी मूळ घेतलेली रक्कम घालू नका. दर बदलला त्या दिवशीची बाकी आणि त्या दिवशी उरलेले महिने एवढंच घ्यायचं.

चारचाकी
माझ्या गाडीच्या कर्जाचाही दर दीड टक्का वाढला, 9 चा 10.5. पाच लाख बाकी, 36 महिने उरले होते, हप्ता 15,900. मला फक्त एक महिना वाढवून मिळाला! तुमच्या बँकेने नक्कीच काहीतरी गडबड केलीय.

आकडेमोडे
चारचाकी, तुमचा एक महिना बरोबरच आहे. तुमच्या हप्त्यात पहिल्या महिन्याला व्याज होतं 3,750, बाकी 12,000 च्या वर मुद्दल. व्याज 4,375 झालं तरी मुद्दलाला ओरखडाही नाही. उंबरठा यांच्या हप्त्यात आधीच तीन चतुर्थांश व्याज होतं. उरलेली मुदत जितकी लांब, तितका हा फटका मोठा.

आता 347 आणि 352. उंबरठा, बँकेचा आकडा उलटा चालवून पाहिला. 8.5 टक्के आणि 23,259 हप्ता धरून 352 महिने यायला बाकी 30 लाख नाही, साधारण 30,08,000 ते 30,09,900 हवी. तुमच्या तक्त्यापेक्षा आठ ते दहा हजार जास्त. रक्कम किरकोळ वाटते, पण मुद्दलात महिन्याला दोनच हजार जात असताना बाकीत दहा हजारांनी पाच महिने हलतात. कर्जखात्याचा उतारा काढा आणि दर बदलण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत हप्ता आणि व्याज सोडून काही नावे पडलंय का बघा. नवा दर पत्राच्या तारखेआधीच लागू झाला असला तरीही असा फरक येतो.

उंबरठा
उतारा काढला. 9,200 ची एक नोंद आहे, समोर फक्त "इतर आकार" लिहिलंय. मला कोणी काही कळवलं नव्हतं. शाखेत विचारते.

सरळमार्गी
म्हणजे घुसडलंच ना शेवटी 😀

आकडेमोडे
कसला आकार ते कळेपर्यंत नको म्हणायला. विम्याचा हप्ताही असू शकतो. पण तो खर्च तुमचा नसेल तर नोंद परत फिरवून घ्या आणि मुदत पुन्हा काढायला लावा. नुसते 9,200 परत मिळाले आणि मुदत 352 च राहिली तर काम अर्धंच झालं.

दुपारचा_चहा
हप्ता वाढवण्याचं विचारलं होतं ना? पूर्ण 26,035 झेपत नसेल तर मधलं काहीतरी घ्या. 1,000 वाढवून 24,259 केला तर 296 महिने होतात, म्हणजे पहिल्या हजाराने 51 महिने वाचले. आणखी हजार टाकला तर 261, तिथे 35 च वाचतात. पहिला हजारच जास्त कामाचा. मी हेच केलं होतं. शाखेत लेखी अर्ज द्यावा लागला, तोंडी सांगून दोन महिने काहीच झालं नाही.
आणि हाताशी रक्कम असेल तर साधारण 3,20,000 एकदम भरले की जुनाच हप्ता, जुनीच 240 मुदत.

उंबरठा
एवढी रक्कम नाही हो. 24,259 जमेल. पण उद्या दर पुन्हा वाढला तर?

आकडेमोडे
म्हणून तर 23,259 वर राहू नका असं माझं मत. त्या हप्त्याला 9.30 टक्क्यांच्या जरा वर गेलं की महिन्याचं व्याजच हप्त्यापेक्षा जास्त होतं. मग हप्ता भरूनही बाकी वाढत जाते, आणि शीटमध्ये `NPER` ला उत्तर सापडत नाही, `#NUM!` दिसतं. 24,259 ला ती सीमा 9.70 आहे. फार मोठी उसंत नाही, पण आहे. नुसत्या व्याजदराच्या पत्रावर विसंबू नका, दर बदलला की नवा परतफेड तक्ता मागा आणि त्यात पहिल्या ओळीतला मुद्दलाचा आकडा बघा.

दुपारचा_चहा
माझ्या मते पूर्ण 26,035 च घ्यावा, जेवणाखाण्याला कात्री लागली तरी. 23,259 वर राहणं आणि 26,035 घेणं, या दोन वाटांच्या एकूण भरण्यात 18 लाखांच्या वर फरक आहे.

आकडेमोडे
वीस-तीस वर्षांवर पसरलेले 18 लाख आणि आजचे 18 लाख एक नव्हेत. शिवाय तोवर दर तोच राहील असं धरूनच हा आकडा येतो. उद्या दर खाली आले तर बँक हप्ता आपोआप कमी करणार की मुदत, हे आधी विचारून घ्यायला हवं.

उंबरठा
तेही विचारते. सोमवारी जातेय, 9,200 चं काय निघतं ते इथे टाकते.