शब्दचर्चा: पत्त्यातलं ‘वेस्ट’, ‘ब्लॉक’ आणि ‘क्रॉस स्ट्रीट’

मृणाल (दादर): माझा भाचा ऑगस्टमध्ये शिकागोला चाललाय. खोलीचा पत्ता आलाय: 1543 W Taylor St, Apt 2R. घरमालकीण फोनवर म्हणाली, ‘क्रॉस स्ट्रीट लॅफ्लिन, फिफ्टीन हंड्रेड ब्लॉक, ऑड साइड.’ पोरगं नुसतं हो-हो म्हणत राहिलं. या शब्दांचा नेमका अर्थ काय? आणि क्रॉस स्ट्रीटला मराठीत काय म्हणावं?

स्वप्नील_ठाणे: ऑड साइड म्हणजे विषम तारखेला गाडी लावायची बाजू. आपल्याकडे पाट्या असतात की, सम तारखेला इकडे, विषम तारखेला तिकडे.

मृणाल: अहो, त्याच्याकडे सायकलसुद्धा नाही!

गिरगावकर काका: वेस्ट म्हणजे अंधेरी वेस्ट म्हणतो तसं. विषम घरं डाव्या हाताला, सम उजव्या. अमेरिकेत सगळीकडे हाच नियम. यात नवल काय? आपल्या खारलाही चौदावा रस्ता, पंधरावा रस्ता आहेतच.

अनघा_परत_मुलुंड: काका, वेस्टचं निम्मं बरोबर. आपल्याकडे रेल्वेलाइन शहर दुभागते, तिथे ते काम स्टेट स्ट्रीट करतो. उत्तर-दक्षिण मोजायची ती मॅडिसन स्ट्रीटपासून. हे दोन रस्ते जिथे छेदतात तिथे शून्य, आणि १९०९ मध्ये घरांना नव्याने नंबर दिले ते या शून्यापासून. पण अंधेरीत पूर्वेचे आणि पश्चिमेचे रस्ते वेगळे असतात. तिथे एकाच रस्त्याचे दोन भाग पडतात. 400 N State आणि 400 S State हे एकाच रस्त्यावरचे दोन वेगळे पत्ते आहेत आणि मध्ये सव्वा किलोमीटरच्या वर अंतर आहे. म्हणून ते अक्षर गाळायचं नाही, टॅक्सीवाल्याला सांगतानासुद्धा.

आता भाच्याचा पत्ता. मैलाला ८०० नंबर, म्हणजे १५४३ हे स्टेटच्या पश्चिमेला दोन मैलांच्या जरा आत. शंभर-शंभर नंबरांचा एकेक टप्पा म्हणजे ब्लॉक. लॅफ्लिन १५०० वर आहे, पुढचा मोठा रस्ता ॲशलंड १६०० वर, घर या दोघांच्या मध्ये. क्रॉस स्ट्रीट म्हणजे टेलरला आडवा छेदणारा जवळचा रस्ता. अन्न मागवा, टॅक्सी बोलवा, नाहीतर आपत्कालीन फोन करा, पलीकडचा माणूस हाच प्रश्न विचारतो.

शिकागोत विषम नंबर दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या बाजूला, सम उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या. टेलर पूर्व-पश्चिम धावतो, म्हणून १५४३ दक्षिणेच्या बाजूला. ब्लू लाइनच्या रेसीन स्टेशनवर उतरला तर रेसीनवरून दक्षिणेकडे चालत टेलरपर्यंत यायचं आणि उजवीकडे वळायचं. रेसीन म्हणजे १२००. तिथून आकडे चढत गेले पाहिजेत. उतरायला लागले तर समजायचं, उलटं चाललोय. कोपऱ्यावरच्या हिरव्या पाटीवर नावाबरोबर तिथला आकडाही असतो. लॅफ्लिन ओलांडला की पुढे डाव्या हाताला घर. आणि हाच मुलगा ॲशलंडकडून आला तर तेच घर उजव्या हाताला! म्हणून डावं-उजवं पाठ करायचं नाही.

गिरगावकर काका: माझा मेहुणा मॅनहॅटनमध्ये होता. तो तर म्हणायचा, विषम उत्तरेला.

अनघा_परत_मुलुंड: तोही बरोबरच, काका. मॅनहॅटनच्या नंबरांच्या रस्त्यांवर विषम उत्तरेला असतात, आणि पूर्व-पश्चिम ठरतं फिफ्थ अव्हेन्यूवरून. म्हणूनच ‘सगळीकडे हाच नियम’ नको. शहर बदललं की आधी दोनच गोष्टी विचारायच्या: शून्य कुठे, आणि विषम कुठल्या दिशेला. शिकागोतही मैलाचा हिशेब दक्षिणेला सुरुवातीचे तीन मैल चालत नाही. मॅडिसनपासून पहिला मैल संपतो तो १२०० वर, रूझवेल्ट रोडला. दुसरा २२०० वर, तिसरा ३१०० वर, आणि त्यापुढे ८००ची चाल सुरू होते. मिलवॉकी अव्हेन्यूसारखे तिरके रस्ते तर चौकटीत बसतच नाहीत, तिथे पाटीच बघावी.

खारचं म्हणाल तर तिथे रस्त्याला नंबर आहे, पण प्लॉट नंबरवरून घर कुठल्या कोपऱ्यापासून किती लांब हे कळत नाही.

स्वप्नील_ठाणे: आणि 2R? दुसरा मजला, रूम?

अनघा_परत_मुलुंड: दुसरा मजला, मागची बाजू. रिअर. पुढचं घर 2F. पण तिथे तळमजल्यालाच पहिला धरतात, म्हणजे आपला हा पहिला मजला. जड बॅगा घेऊन एकच जिना चढायचाय.

मृणाल: हे सगळं त्याला धाडते. पण माझा शब्द राहिलाच. ‘छेदरस्ता’ चालेल?

गिरगावकर काका: ‘आडवा रस्ता’ म्हणा. छेदरस्ता म्हटलं की महापालिकेने खणून ठेवलेला वाटतो.

अनघा_परत_मुलुंड: माझं मत ‘आडरस्ता’ सोडून काहीही. आडरस्त्याला लागलेला माणूस हरवतो. फोनवर मात्र त्याने क्रॉस स्ट्रीटच म्हणावं.

स्वप्नील_ठाणे: ‘कुठल्या नाक्याजवळ?’ एवढं विचारलं की झालं की.

मृणाल: नाका कोपऱ्याला म्हणतात रे, रस्त्याला नाही.