नायसिन बंद केलं ते बरोबर का?

मीनल: बाबा बरीच वर्षं कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनसोबत झोपताना नायसिनची, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाची, एक्स्टेंडेड रिलीज गोळी घ्यायचे. एचडीएल ३४ वरून ४३ वर आलं होतं. नव्या डॉक्टरांनी नायसिन काढूनच टाकलं. चांगलं कोलेस्टेरॉल वाढवणारं औषध का काढायचं? अंग लाल होतं, खाजतं, एवढ्यासाठी?

प्रकाश: माझ्या मते चूक केली. अंग लाल होणं म्हणजे गोळी लागू पडल्याची खूण. अर्धा तास आधी अ‍ॅस्पिरिन घेतली की तो त्रास बराच कमी होतो. नायसिनवर १९६६ ते १९७५ मोठी चाचणी झाली होती, त्यात हार्ट अटॅक कमी झाले.

शुभदा: अ‍ॅस्पिरिनचं बरोबर आहे, खुणेचं नाही. नायसिनमुळे त्वचेतल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात. चेहरा आणि छाती तापते ती त्यामुळे. अ‍ॅस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. कोलेस्टेरॉलवरचं काम वेगळ्या वाटेनं चालतं. म्हणून तर काही आठवड्यांत लाली ओसरते, पण रिपोर्टमधला फरक टिकून राहतो.

मीनल, बाबांची गोळी लालीमुळे गेली असं मला वाटत नाही. तुम्ही जो आकडा दिलाय, तो वाढवून उपयोग होतो का, हेच तपासलं गेलं. एम-हाय या चाचणीत ३४१४ हृदयरुग्ण होते आणि सगळे स्टॅटिनवर. नायसिन मिळालेल्यांचं एचडीएल ३५ वरून ४२ झालं, म्हणजे जवळपास बाबांसारखंच. तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, आणि २०११ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. पुढे एचपीएस२-थ्राइव्हमध्ये २५,६७३ लोकांवर पाहिलं. जवळपास चार वर्षांत मोठे हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचे प्रसंग नायसिन गटात १३.२ टक्के, दुसऱ्या गटात १३.७. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. उलट नायसिन गटात नव्याने मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव जास्त दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्टॅटिनसोबत ही गोळी देण्याची मान्यता काढून घेतली.

प्रकाश: पण थ्राइव्हमध्ये लाली रोखायला लॅरोपिप्रँट मिसळलं होतं. अपाय त्याचा नसेल कशावरून? शिवाय त्या लोकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आधीच खाली होतं.

शुभदा: अपायातला वाटा कुणाचा किती, हे त्या एका चाचणीवरून नीट वेगळं काढता येत नाही, हे मान्य. पण एम-हायमध्ये लॅरोपिप्रँट नव्हतं आणि फायदा तिथेही दिसला नाही. तुम्ही म्हणता त्या जुन्या चाचणीच्या काळी स्टॅटिन नव्हतीच. आज प्रश्न एवढाच की स्टॅटिन चालू असताना नायसिनने आणखी काय मिळतं.

फारूक: माझी चूक सांगतो, कुणी तरी वाचेल. मी साधं नायसिन दिवसाला ३ ग्रॅम घ्यायचो. लालीला कंटाळून सप्लिमेंटमधली हळू विरघळणारी गोळी आणली आणि डोस तोच ठेवला. लाली गेली, मी खूश. सहा आठवड्यांनी जेवण नकोसं झालं, मळमळ सुरू झाली, लघवी गडद चहासारखी. एलडीएल एकदम खाली आलेलं पाहून मला आनंदच झाला होता. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी मात्र मर्यादेच्या बारापट होतं! गोळी बंद केल्यावर ते उतरायला दोन महिने लागले.

शुभदा: फारूक, एलडीएल असं अचानक कोसळणं हीसुद्धा यकृत थकल्याची खूण असू शकते. साधं नायसिन एकदम येतं तेव्हा यकृत बरंचसं ग्लायसिनला जोडून बाहेर टाकतं. तेच थेंबथेंब आलं की जवळजवळ सगळं दुसऱ्या वाटेवर जातं, आणि यकृताला त्रास देणारी वाट तीच. म्हणून ग्रॅमला ग्रॅम अशी अदलाबदल करायची नाही. बाबांची गोळी या दोन्हींच्या मधली होती. ती ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवायची आणि २००० च्या वर जायचं नाही.

वर्षा: माझ्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी३ आहे. तेही थांबवू?

शुभदा: नको. शरीराची रोजची गरज साधारण १४ ते १६ मिलिग्रॅमची. इथे बोलणं चाललंय त्याच्या शंभरपटीचं. आणि बऱ्याच गोळ्यांत निकोटिनामाइड असतं. त्याने लाली येत नाही आणि कोलेस्टेरॉलही उतरत नाही.

प्रकाश: रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या लिपोप्रोटीन (ए) चं काय? नायसिनने ते कमी होतं, स्टॅटिनने होत नाही. माझं खूप जास्त आहे.

शुभदा: कमी होतं, हे खरं. त्यामुळे अटॅक टळतात असं अजून कुणी दाखवलेलं नाही. यावर तुमच्याशी वाद घालणार नाही, पण घेत असाल तर लिव्हर आणि साखर तपासत राहा.

मीनल: बाबांची साखर दोन वर्षांपासून वर सरकतेय. ती या गोळीमुळे असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करतो आणि जुन्या रिपोर्टशी ताडून बघतो.