टोनर बदलला, तरी पावत्या अडकल्या

ए-१०४ (खजिनदार): मंडळी, सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रिंटरचा टोनर कालच बदलला, तरी एक पान निघेना. टोनरचा दिवा नुसता लुकलुकतोय.

बी-२०३: माझी मेंटेनन्सची पावती? बँकेत द्यायचीय.

सी-३०२: परस्पर आणताच कशाला? मागच्या प्रिंटरच्या वेळीसुद्धा कुणाला विचारलं नव्हतं.

ए-१०४: विश्रामबागला जाऊन स्वतःच्या खिशातून आणलाय, साहेब. जुन्याचं लेबल फाटलं होतं, म्हणून दुकानात फोटो दाखवला. त्यांनी हुबेहूब तसलाच दिला.

सी-३०२: जुन्या HP 1020 प्रिंटरला 12A टोनर टाकायचो, तेव्हा कधी दिवा लागला नाही.

ए-४०१: काका, 12A ला चिपच नव्हती. आणि तो जाडजूड होता, या प्रिंटरमध्ये शिरणारही नाही. खजिनदारकाका, नव्या टोनरवर काय लिहिलंय तेवढं टाका की.

बी-२०३: पावतीचं बघा कुणीतरी 🙏

ए-१०४: CE285A.

ए-४०१: इथंच चुकलं. तो 85A, P1102 चा. आपला प्रिंटर P1108, त्याला 88A लागतो, लेबलवर CC388A असतं. दोन्हींचा साचा इतका सारखा की फोटोवरून दुकानदारही फसतो. टोनर आत बसतो, झाकणही लागतं. पण प्रिंटर कडेची नखाएवढी चिप वाचतो, सोनेरी ठिपके असलेली. ती दुसऱ्याची निघाली की टोनर घातलाच नाही असं समजतो.

डी-१०१ काकू: म्हणजे कुलपात किल्ली जाते, पण फिरत नाही.

ए-४०१: अगदी तसंच, काकू. म्हणून दुकानात जाताना प्रिंटरवरचा नंबर न्यायचा. जुन्या टोनरचं लेबलही खरं मानू नका. रिफिलवाले कधी रिकाम्या साच्यावर आपलं लेबल लावतात, कधी एकाच लेबलवर तीन-चार नंबर छापतात.

सी-३०२: मग परत करा, सोसायटीचा पैसा वाया नको.

ए-१०४: माझा पैसा आहे अजून, सोसायटीनं दिलाय कुठे? सील तोडलंय, दुकानदार परत घेत नाही.

ए-४०१: मग टोनर टाकू नका. जुन्याची चिप हलक्या हातानं काढून यावर लावतो. जुनी चिप ‘संपत आला’ असंच सांगत राहील, दिवा पेटलेला दिसेल, पण पानं निघतील. किती शिल्लक आहे ते मात्र कळणार नाही. पान फिकट पडायला लागलं की खरा 88A आणायचा. मी येईपर्यंत टोनर खोक्यात ठेवा, खिडकीत नको. टोनरमधल्या ड्रमला उजेड लागला तर छपाईत डाग येतात.

बी-२०३: पावती आज मिळेल का?

ए-४०१: आलो सातला.

ए-१०४ (रात्री ८:१०): चिप लावली, पानं काळीभोर येतायत. बी-२०३, पहिली पावती तुमचीच काढली, घेऊन जा. प्रिंटरच्या झाकणावर ‘P1108 – 88A’ अशी चिठ्ठी चिकटवलीय.

सी-३०२: टोनरचं बिल पण टाका ग्रुपवर.